हेपाटायटिस बीचा रिपोर्ट वाचताना: एका घरातले पाच कागद

‘सरफेस अँटिजेन रिअ‍ॅक्टिव्ह’ एवढी एकच ओळ असलेला रिपोर्ट हातात आला की नवा रेसिडेंट फाइलवर ‘हेपाटायटिस बी पॉझिटिव्ह’ लिहून मोकळा होतो. पण हीच ओळ चार वेगवेगळ्या माणसांच्या रिपोर्टवर येऊ शकते. एकाला दोन महिन्यांपूर्वी संसर्ग झालेला असतो आणि तो कावीळ घेऊन आलेला असतो. दुसरा जन्मापासून विषाणू घेऊन फिरत असतो आणि त्याला काहीच त्रास नसतो. तिसऱ्याचा जुना संसर्ग इतकी वर्षं शांत राहून आता उसळलेला असतो. चौथ्याने गेल्याच आठवड्यात लस घेतलेली असते. या चौघांना वेगळं कसं ओळखायचं ते आपण एका घराच्या रिपोर्टांवरून पाहू. घर काल्पनिक आहे, पण असे कागद रोज टेबलावर येतात.

आधी विषाणूची रचना

तक्ते पाठ करण्याआधी विषाणूचे तीन भाग डोळ्यांसमोर आणा. अर्धा तक्ता तिथेच सुटतो.

बाहेरचं कवच म्हणजे सरफेस अँटिजेन. रिपोर्टवर ते HBsAg असं छापलेलं असतं. विषाणू हे कवच गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार करतो आणि रिकामी कवचं रक्तात सोडतो, त्यामुळे ते सहज सापडतं. आतला गाभा म्हणजे कोअर. तो यकृताच्या पेशीत बनतो आणि रक्तात आला तरी कवचाच्या आत झाकलेला असतो. म्हणून नेहमीच्या तपासणीत कोअर अँटिजेन शोधत नाहीत, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली अँटिबॉडी शोधतात. तिचं छापील नाव anti-HBc. तिसरं ई अँटिजेन, म्हणजे HBeAg. कोअरच्याच जनुकातून निघणारं हे विरघळणारं प्रथिन असतं, आणि विषाणू जोरात प्रती काढत असताना ते रक्तात येतं.

आता लस. लशीत फक्त कवच असतं, गाभा नसतो. त्यामुळे निव्वळ लस घेतलेल्या माणसात कवचाविरुद्धची अँटिबॉडी (anti-HBs) येते, कोअरची येत नाही. कोअर अँटिबॉडी दिसली की खरा विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला किंवा अजून तिथेच आहे असं समजायचं. पुढचं सगळं वाचन या फरकावर उभं आहे.

पहिला कागद: कावीळ झालेली सून

वय २४. दहा दिवस मळमळ आणि थकवा, मग लघवी गडद आणि डोळे पिवळे. एएलटी १६४०, बिलिरुबिन ८. सरफेस अँटिजेन रिअ‍ॅक्टिव्ह.

पहिला प्रश्न असा की हा संसर्ग नवा आहे की जुना. सरफेस अँटिजेन संसर्गानंतर साधारण चार आठवड्यांनी, कधी लवकर तर कधी नऊ-दहा आठवड्यांनी, रक्तात दिसू लागतं. म्हणजे लक्षणांच्या आधीच. सहा महिन्यांहून जास्त टिकलं तर संसर्गाला क्रॉनिक म्हणायचं. पण समोर कावीळ झालेली बाई बसलेली असताना सहा महिने थांबून व्याख्या पूर्ण करायची सोय नसते. इथे कोअरची आयजीएम अँटिबॉडी उपयोगी पडते. ही लक्षणांच्या सुमारास उगवते आणि साधारण सहा महिन्यांत मावळते. कोअरची ‘टोटल’ अँटिबॉडी मात्र आयुष्यभर राहते. ती नवी-जुनी दोन्ही एकत्र मोजते, त्यामुळे तिच्यावरून काळ कळत नाही. मागणी-पत्रावर नुसतं ‘अँटी-कोअर’ लिहिलं तर बहुतेक लॅब टोटलच करते. आयजीएम हवी असेल तर तसं स्पष्ट लिहा.

हिची आयजीएम रिअ‍ॅक्टिव्ह आली, तीही कटऑफच्या बरीच वर. एएलटी हजाराच्या पुढे, आयजीएम ठणठणीत, लग्नाआधी केलेल्या तपासणीत सरफेस अँटिजेन निगेटिव्ह. हा ॲक्यूट हेपाटायटिस बी.

तो जुना तपासणीचा कागद नसता तर मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं. क्रॉनिक रुग्णाचा आजार उसळतो तेव्हाही एएलटी हजारात जाते, कावीळ होते आणि कोअरची आयजीएम पुन्हा रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकते. फरक एवढाच की उसळीत ती सहसा कटऑफच्या थोडीच वर असते. म्हणून रिपोर्टवर फक्त ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ शब्द असेल तर लॅबला फोन करून आकडा विचारा. सोबत सिऱ्होसिसच्या खुणाही शोधा: प्लीहा वाढलेली, प्लेटलेट कमी, सोनोग्राफीत यकृत खडबडीत. नव्या संसर्गात या गोष्टी सहसा नसतात. इतकं करूनही शंका राहिली तर ‘ॲक्यूट किंवा क्रॉनिकची उसळी, फेरतपासणी आवश्यक’ असं लिहिण्यात कमीपणा नाही.

तीन महिन्यांनी ती बरी होऊन आली. सरफेस अँटिजेन निगेटिव्ह. सरफेस अँटिबॉडीही निगेटिव्ह. या दोन ओळी पाहून कुणीतरी तिला ‘तुम्हाला हेपाटायटिस बी कधी झालाच नव्हता, लस घ्या’ असं सांगेल, आणि नुसत्या या दोन ओळी घेऊन बसलं तर ते चूकही वाटणार नाही. हा विंडो पिरियड आहे. कवच संपत आलेलं असतं, त्याविरुद्धची अँटिबॉडी अजून मोजण्याइतकी साचलेली नसते. या फटीत फक्त कोअरची अँटिबॉडी उभी असते, आयजीएमसकट. सहाव्या महिन्यात तिची सरफेस अँटिबॉडी ८५ आली, सरफेस अँटिजेन निगेटिव्हच राहिलं. आता तिला बरी झाली म्हणता येतं. मोठ्या वयात संसर्ग झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास माणसं अशीच बरी होतात.

दुसरा कागद: ठणठणीत नवरा

बायकोचं निदान झाल्यावर त्याचं रक्त घेतलं. वय २६, तक्रार शून्य. रिपोर्ट असा:

```
HBsAg              Reactive
anti-HBc total     Reactive
anti-HBc IgM       Non-reactive
anti-HBs           < 2 mIU/mL
HBeAg              Reactive
ALT                22 U/L
HBV DNA            2.4 x 10^8 IU/mL
```

वरून वाचत या. कवच आहे, म्हणजे विषाणू आत्ता शरीरात आहे. टोटल आहे पण आयजीएम नाही, म्हणजे संसर्ग नवा नाही. नियमाप्रमाणे सहा महिन्यांनी सरफेस अँटिजेन पुन्हा करून क्रॉनिकचा शिक्का मारायचा, पण अंदाज आत्ताच पक्का होतो. पुढच्या तीन ओळी क्रॉनिकमधली कुठली अवस्था ते सांगतात.

डीएनएचा आकडा नव्या माणसाला चकवतो. २.४ × १०^८ म्हणजे एका मिलिलिटरमध्ये चोवीस कोटी आंतरराष्ट्रीय युनिट. काही लॅब हाच आकडा लॉगमध्ये ८.३८ असा देतात. दोन रिपोर्टांची तुलना करताना दोन्ही एकाच पद्धतीत आहेत ना ते आधी बघा. ‘चोवीस कोटींवरून आठवर आला’ असं समजून आनंद मानलेला मी पाहिला आहे.

तर चोवीस कोटी विषाणू आणि एएलटी २२. इतकी गर्दी असूनही यकृताच्या पेशी मरत नाहीत, कारण हा विषाणू स्वतः पेशी फारशा मारत नाही. नुकसान होतं ते संसर्ग झालेल्या पेशींवर शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा हल्ला करते तेव्हा. इथे ती हल्ला करत नाही. हीच इम्यून-टॉलरंट अवस्था: ई अँटिजेन पॉझिटिव्ह, डीएनए फार जास्त (बहुधा एक कोटीच्या वर), एएलटी सतत नॉर्मल. ही जवळजवळ नेहमी जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी झालेल्या संसर्गात दिसते. नवजात बाळाला संसर्ग झाला आणि काही प्रतिबंध केला नाही तर सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो कायम राहतो. या घरात आता पुढचा संशय त्याच्या आईकडे जातो, तो थोड्या वेळाने पाहू.

या निदानात घाई होते ती ‘सतत नॉर्मल’ या दोन शब्दांवर. एका दिवसाची नॉर्मल एएलटी पुरेशी नाही. सुरुवातीला दर तीन ते सहा महिन्यांनी ती पुन्हा करायची. आणि नॉर्मल कशाला म्हणायचं? अनेक लॅब ५०-५५ पर्यंत नॉर्मल छापतात. यकृताचे डॉक्टर हेपाटायटिस बीसाठी पुरुषात ३५ आणि स्त्रीत २५ ही वरची मर्यादा धरतात. छापील मर्यादेप्रमाणे ४८ एएलटी काळ्या अक्षरात येते, कुणी तिच्याकडे बघत नाही, आणि प्रत्यक्षात तो माणूस टॉलरंट अवस्थेतून बाहेर पडून ई-पॉझिटिव्ह हेपाटायटिसमध्ये गेलेला असू शकतो.

वयही बघायचं. ही अवस्था सहसा तिशीच्या आत दिसते. पंचेचाळिशीतला माणूस, ई पॉझिटिव्ह, एएलटी नॉर्मल, पण डीएनए फक्त दोन-तीन लाख, असा रिपोर्ट आला तर मी इम्यून-टॉलरंट लिहिणार नाही. विषाणू कमी झालेत म्हणजे शरीर लढतं आहे, आणि लढत असेल तर यकृत झिजतही असेल. अशा वेळी फायब्रोस्कॅन किंवा बायॉप्सीने खात्री करतात.

‘टॉलरंट’ या शब्दावरही आता पूर्वीइतका विश्वास राहिलेला नाही. २०१७ मध्ये युरोपीय यकृत संघटनेने हे नाव बाजूला ठेवून ‘ई अँटिजेन पॉझिटिव्ह क्रॉनिक संसर्ग’ असं म्हणायला सुरुवात केली, कारण या शांत दिसणाऱ्या काळातही विषाणूचा डीएनए यकृतपेशींच्या डीएनएत शिरत असतो. औषध कधी सुरू करायचं याच्या मर्यादा त्यामुळे सैल होत आहेत. तो निर्णय यकृततज्ज्ञाचा. रिपोर्ट वाचणाऱ्याने अवस्था नीट ओळखून द्यायची, आणि ‘कॅरिअर आहे, काही करायची गरज नाही’ असं वाक्य चुकूनही लिहायचं नाही. तो स्वतः ठणठणीत असला तरी त्याच्यापासून संसर्ग सहज पसरतो. बायकोच्या काविळीचं उत्तर याच कागदात आहे.

तिसरा कागद: आई

वय ५०. सरफेस अँटिजेन रिअ‍ॅक्टिव्ह, टोटल कोअर रिअ‍ॅक्टिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. ई अँटिजेन निगेटिव्ह, ई अँटिबॉडी पॉझिटिव्ह. एएलटी १९, डीएनए ६००.

मुलाचा आणि आईचा रिपोर्ट शेजारी ठेवा. दोघांचीही एएलटी नॉर्मल, दोघांचंही सरफेस अँटिजेन रिअ‍ॅक्टिव्ह. एक चोवीस कोटींवर, दुसरी सहाशेवर. मुलाच्या शरीराने लढाई सुरूच केलेली नाही, आईच्या शरीराने ती करून विषाणू आटोक्यात आणला आहे. डीएनए २००० च्या खाली, एएलटी नॉर्मल, ई निगेटिव्ह: ही निष्क्रिय अवस्था. पण इथेही पहिल्या वर्षात दर तीन-चार महिन्यांनी पाहिल्याशिवाय शिक्का मारू नये.

कारण ई निगेटिव्ह म्हणजे विषाणू झोपला असं नेहमी नसतं. विषाणूत प्री-कोअर नावाच्या भागात एक बदल झाला की तो ई अँटिजेन बनवणं थांबवतो, प्रती मात्र काढत राहतो. अशा रुग्णात ई निगेटिव्ह, डीएनए लाखांत, आणि एएलटी वर-खाली होत राहते. ज्या दिवशी ती खाली होती त्या दिवशीचं रक्त तुम्ही तपासलंत तर कागद आईसारखाच दिसेल, फक्त डीएनए फरक सांगेल. म्हणून डीएनएशिवाय ‘निष्क्रिय’ हा शब्द लिहू नका.

चौथा कागद: लस घेतलेली नणंद

वय १९. जन्मल्यावर लस मिळालेली. सरफेस अँटिजेन निगेटिव्ह, टोटल कोअर निगेटिव्ह, सरफेस अँटिबॉडी ४६.

हा सगळ्यात सोपा कागद. संरक्षणासाठी लागणारी पातळी १० मिली-इंटरनॅशनल युनिट प्रति मिली, ही तिच्या वर आहे. कोअर निगेटिव्ह, म्हणजे ही अँटिबॉडी लशीची. तिच्या वहिनीची ८५ ही अँटिबॉडी आजारातून आलेली, कारण तिथे कोअर पॉझिटिव्ह आहे. दोघी सुरक्षित, पण वहिनीच्या यकृतात विषाणूचा अंश उरलेला असतो, नणंदेच्या नाही. तो फरक पाचव्या कागदात महत्त्वाचा ठरेल.

लशीच्या बाबतीत दोन चुका वारंवार दिसतात. पहिली: लशीच्या शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांत १० च्या वर गेलेला माणूस दहा वर्षांनी ६ वर आला, की त्याला ‘लस लागली नाही’ म्हणतात. पातळी उतरते, पण शरीराची आठवण टिकते. एकदा १० ओलांडलेल्या निरोगी माणसाची काळजी करायचं कारण नाही. ज्याची तेव्हा तपासणी झालीच नव्हती त्याच्याबद्दल मात्र नुसत्या ६ वरून काही ठरवता येत नाही.

दुसरी चूक: लस घेतल्यावर लगेच सरफेस अँटिजेन तपासणं. लशीतलंच कवच रक्तात सापडतं, आणि ते १८ दिवसांपर्यंत सापडल्याची नोंद आहे. यात गंमत अशी की शंका आली म्हणून न्यूट्रलायझेशनची खात्री-तपासणी केली तर तीही ‘कन्फर्म’ म्हणून येते, कारण सापडलेलं कवच खरंच कवच असतं, फक्त विषाणूचं नसतं. इथे किट उपयोगाचं नाही, ‘लस कधी घेतली?’ हा प्रश्न उपयोगाचा. महिन्याभराने पुन्हा तपासा.

माझी स्वतःची चूकही सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मशीनवर टोटल कोअरचा आकडा ०.०१ आला. बाकी सगळ्या तपासण्यांत १ च्या खाली म्हणजे नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणून मी डोळे झाकून तसंच लिहिलं. ते किट स्पर्धात्मक पद्धतीचं होतं. त्यात रुग्णाची अँटिबॉडी जितकी जास्त तितका सिग्नल कमी, म्हणजे १ च्या खालचा आकडाच रिअ‍ॅक्टिव्ह. संसर्ग होऊन गेलेला माणूस मी लस घेतलेला करून टाकला होता. सिनिअरने सही करताना पकडलं. तेव्हापासून नवं किट आलं की आतल्या कागदावर आधी पद्धत वाचतो, मग कटऑफ.

पाचवा कागद: वडील, आणि एकटी कोअर अँटिबॉडी

वय ५८. सरफेस अँटिजेन निगेटिव्ह, सरफेस अँटिबॉडी २ च्या खाली, टोटल कोअर रिअ‍ॅक्टिव्ह, आयजीएम निगेटिव्ह.

आयजीएम निगेटिव्ह असल्याने विंडो पिरियड जवळजवळ बाद. उरतात तीन शक्यता. सगळ्यात जास्त आढळणारी म्हणजे फार पूर्वी होऊन गेलेला संसर्ग, ज्यातली सरफेस अँटिबॉडी वयानुसार उतरून गेली. दुसरी, किटने दिलेला खोटा पॉझिटिव्ह. तिसरी, ऑकल्ट संसर्ग, म्हणजे कवच सापडण्याइतकं नाही पण डीएनए थोडा शिल्लक. क्रमाने जायचं: आधी कोअर दुसऱ्या पद्धतीच्या किटवर पुन्हा करा, मग डीएनए. कोअर पुन्हा रिअ‍ॅक्टिव्ह आणि डीएनए निगेटिव्ह आला तर जुना संसर्ग धरा. घरात बायको आणि मुलगा दोघेही पॉझिटिव्ह असताना खोटा पॉझिटिव्ह मानायला मी तयार होणार नाही. तरी शंका असेल तर लशीचा एक डोस देऊन महिन्याने सरफेस अँटिबॉडी मोजतात. ती एका डोसने झपाट्याने उसळली तर शरीराला आधीची ओळख होती.

वडिलांना त्रास नाही, मग हा कागद इतका उकरायचा कशाला? त्यांना लिम्फोमा निघाला आहे आणि रिटुक्सिमॅब सुरू करायचं आहे म्हणून. बरं झालेल्या माणसाच्या यकृतपेशीतही विषाणूचा डीएनए गोलाकार होऊन बसलेला असतो. शरीराची पकड त्याला दाबून ठेवते. रिटुक्सिमॅब अँटिबॉडी बनवणाऱ्या यंत्रणेतल्या बी पेशी काढून टाकतं, पकड सुटते आणि विषाणू परत उठतो, कधी जीव घेण्याइतका. अशा रुग्णाला आधीच एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर सुरू करतात आणि रिटुक्सिमॅब संपल्यावरही किमान वर्षभर चालू ठेवतात. केमोथेरपीआधी नुसतं सरफेस अँटिजेन पाहून ‘हेपाटायटिस बी निगेटिव्ह’ लिहिलं असतं तर हे सगळं सुटलं असतं.

हे रक्त इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्त-घटक चढवण्याआधी घ्या. दात्यांच्या कोअर आणि सरफेस अँटिबॉडी बाटलीतून रुग्णात येतात, काही आठवडे ते काही महिने टिकतात, आणि तोपर्यंत रिपोर्टवरची अँटिबॉडी वडिलांची की दात्यांची हे कुठलंही मशीन सांगू शकत नाही. रक्त आधी घ्यायचं राहिलं असेल तर निदान मागणी-पत्रावर काय चढवलं आणि कोणत्या तारखेला ते लिहून पाठवा.